पैसे गेले, पण पोचले नाहीत

नमस्कार, श्रोतेहो. दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला की दोन-तीन सेकंदांत दुकानदाराच्या डब्यातून पैसे मिळाल्याचा आवाज येतो. तेवढ्यात होतं काय? पिन फोनमध्येच सांकेतिक रूपात बदलतो आणि निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआय यंत्रणेकडे जातो. यंत्रणा तुमच्या बँकेला विचारते. बँक पिन आणि शिल्लक तपासून रक्कम वजा करते. मग यंत्रणा दुकानदाराच्या बँकेला सांगते, जमा करा. आधी वजा, मग जमा, हा क्रम लक्षात ठेवा. बँका आपापसातला हिशेब नंतर रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर मिटवतात.

आता बाजाराच्या दिवशी, संध्याकाळच्या गर्दीत घडतं ते ऐका. एका ताईंनी ज्वारी आणि तूरडाळ घेतली, बिल झालं 640 रुपये. पिन टाकला, बँकेचा मेसेज आला, 640 वजा. डबा मात्र गप्प.

"ताई, माझ्याकडे आले नाहीत."

"अहो काका, माझ्या खात्यातून गेलेत, हे बघा!"

दोघंही खरं बोलत होते. ताईंच्या बँकेने रक्कम वजा केली होती, पण काकांच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नव्हतं. आता जमा झालेच नाहीत, की जमा होऊन नुसतं उत्तर अडकलं, हे यंत्रणेला कळेना. म्हणून ॲपवर 'पेंडिंग'. अशा वेळी पैसे लगेच परत केले आणि काकांकडेही जमा झालेले असले, तर एकच रक्कम दोन्हीकडे जाईल. म्हणून आधी बँकांच्या नोंदी जुळवाव्या लागतात.

मागे रांग लागली होती. ताईंनी रोख पैसे दिले, पण ॲपमधला त्या व्यवहाराचा 12 अंकी ओळख क्रमांक, म्हणजे यूटीआर, काकांना लिहून दिला. रात्री तोच क्रमांक काकांच्या खात्यात दिसला, 640 जमा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना रोख परत केले. इथे क्रमांक कामाला आला, स्क्रीनशॉट नव्हे. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. दुकानदारांनी फक्त आपल्या बँकेचीच नोंद पाहावी.

जाता जाता सांगतो, सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवायची पद्धत यूपीआयमुळे कमी झाली, याचा मला फार आनंद आहे. गिऱ्हाइकाचा रुपया गिऱ्हाइकालाच मिळाला पाहिजे.

तर, पेंडिंग दिसलं की लगेच पुन्हा पिन टाकू नका. आधी ॲपच्या हिस्टरीत स्थिती पाहा. पैसे पोचलेच नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते आपोआप परत यायला हवेत: व्यक्तीला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत. पुन्हा सांगतो, व्यक्तीला एक दिवस, दुकानदाराला पाच. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तक्रार ॲपमध्ये त्याच व्यवहारावर नोंदवा. आणि परताव्यासाठी कुणी पिन मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन कधीच लागत नाही.