कणी मोडण्याआधी

पडद्यावर दिसणारा हा रुंद रस्ता म्हणजे ग्रान्यानो गावातला वीया रोमा. इटलीतल्या नापोली शहराच्या आग्नेयेला, लात्तारी डोंगरांच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. एकेकाळी या रस्त्याच्या दोन्ही कडांना लाकडी घोड्यांवर बांबूच्या काठ्या आडव्या टाकून त्यांवर स्पगेटीच्या लडी वाळत घालत असत. समुद्राकडून येणारी दमट हवा आणि डोंगराकडून उतरणारा वारा यांच्यामध्ये त्या सावकाश सुकत. आज वाळवण बंद खोल्यांत होते, पण घाई न करण्याचा दंडक टिकून आहे. इथल्या पास्त्याला 2013 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या अटींनुसार पीठ केवळ ड्युरम गव्हाच्या रव्याचे असावे लागते, पाणी इथल्याच झऱ्यांचे लागते आणि पास्ता कांस्याच्या साच्यातून पाडावा लागतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला आहे.

साच्याकडे जवळून पाहावे. चकलीच्या सोऱ्यात बसवतात तशी ही जाड चकती आहे, फक्त हिची छिद्रे कांस्यात कोरलेली आहेत. घट्ट पीठ त्यांतून रेटले जाताना कडेला घासते आणि बाहेर येणारी स्पगेटी खरखरीत, किंचित पिठूळ निघते. हा खरखरीतपणा ध्यानात ठेवावा, कारण शिजलेला पास्ता नळाखाली धुऊन आपण घालवतो ते याच पृष्ठभागाचे काम असते.

आता गावातल्याच एका घराच्या स्वयंपाकघरात येऊ. चौघांचे जेवण आहे. 400 ग्रॅम स्पगेटी, 4 लिटर पाणी आणि 40 ग्रॅम जाडे मीठ असे माप घेतले आहे. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, हा हिशेब इटलीतल्या घराघरांत तोंडपाठ असतो. पातेले उंच आहे आणि पाणी रटरटू लागल्यावरच घरच्या बाईंनी त्यात मीठ सोडले. मिठाने पाण्याला अधिक उष्णता येते असे अनेकजण मानतात, पण एवढ्या मिठाने उकळबिंदू अंशाच्या पाचव्या भागानेही वाढत नाही. मीठ घालायचे ते चवीसाठीच. शिजताना ही स्पगेटी जवळजवळ अर्धा लिटर पाणी पिते आणि त्या पाण्याबरोबर साधारण पाच ग्रॅम मीठ तिच्या आत शिरते. उरलेले मीठ पातेल्यातच राहते, त्यामुळे 40 ग्रॅमचा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. शिजून झाल्यावर वरून भुरभुरलेले मीठ मात्र आत पोहोचत नाही. जिभेला आधी खारट लागते आणि चावताना पास्ता अळणीच राहतो.

स्पगेटी पाण्यात पंख्यासारखी उघडली. ती मोडलेली नाही. खालचे टोक नरम झाले तशी लाकडी काट्याने हलके दाबून बुडवली आहे. पहिली दोन मिनिटे बाईंचा हात थांबत नाही, आणि याच दोन मिनिटांत पुष्कळ काही ठरते. गरम पाण्यात वरच्या थरातले पिष्ट फुगून चिकट होते, आणि त्या वेळी दोन काड्या एकमेकींना टेकून राहिल्या तर तिथेच त्यांची गाठ बसते. भरपूर पाण्याचा मुख्य उपयोग इथे आहे. काड्यांना सुटे राहायला जागा मिळते, सुटलेले पिष्ट पातळ होऊन विखुरते आणि कोरडा पास्ता पडूनही उकळी लवकर परत येते. कमी पाण्यातही पास्ता शिजतो, परंतु तेव्हा ढवळणे सोडून चालत नाही आणि मिठाचे मापही त्या बेताने कमी करावे लागते. पाण्यात तेल टाकण्याची सवय मात्र सोडून द्यावी. तेल वरच तरंगते, आणि गाळताना पास्त्याला लागले तर पुढे सॉस धरू देत नाही.

पाणी हळूहळू गढूळ होते आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढणाऱ्या कुणालाही हे पाणी पाहताच ओळखू येईल, कारण दोन्हींत गव्हाचे पिष्टच आहे.

पाकिटावर 10 मिनिटे लिहिली आहेत. सहाव्या मिनिटाला बाईंनी एक काडी काढून मधोमध तोडली. कॅमेरा जवळ नेल्यावर दिसते की बाहेरचे कडे पिवळसर आणि पारदर्शक झाले आहे, पण मध्ये खडूसारखा पांढरा, जाड ठिपका आहे. तिथवर पाणी पोहोचलेले नाही. या ठिपक्याला इटालियन भाषेत ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, असे म्हणतात. आपल्याकडे भाताला ‘कणी राहिली’ म्हणतात, तीच ही गोष्ट. आपण भाताची कणी मोडेपर्यंत थांबतो. इथे कणी मोडण्याच्या बेतात असतानाच पातेल्याकडे हात जातो.

सात मिनिटांनी तोडलेल्या काडीतला ठिपका बारीक झाला आहे. आठव्या मिनिटाला तो सुईच्या टोकाएवढा उरला, आणि काडी चावली की दात आधी मऊ थरातून जातात आणि मध्ये क्षणभर अडतात. ‘आल देंते’ या शब्दांचा अर्थ ‘दाताला’ असा आहे; दाताला जाणवेल इतपत शिजलेले. तो अडथळा कच्च्या पिठासारखा करकरीत लागला किंवा पीठ दातात चिकटले, तर अजून वेळ द्यायला हवा. वाळताना ड्युरमच्या रव्यातल्या ग्लूटेनची जी घट्ट जाळी बसते, ती पिष्टाला आवरून धरते, म्हणून आतला ताठरपणा टिकतो. वेळ उलटून गेली की ती जाळी सैलावते, काडी फुगते, पाणी दाट होते आणि पास्ता लगदा होतो.

पाकिटावरचा आकडा हा अंदाज आहे. गॅसची आच, पातेले, काडीची जाडी यांनी तो मागेपुढे होतो, म्हणून दोन मिनिटे आधीपासून एक-एक काडी चावून पाहावी.

आता गाळण्याचा प्रसंग. बाईंनी आधी दोन पळ्या पाणी वाटीत काढून ठेवले आणि मग चाळणीत पास्ता ओतला. शेजारीच नळ आहे, पण तो उघडला गेला नाही. आपल्याकडे हक्का नूडल्स उकडून गार पाण्याखाली धुतात आणि तेल चोळून ठेवतात. पुढे त्या मोठ्या आचेवर परतायच्या असल्याने सुट्या राहाव्या लागतात, म्हणून तिथे ते योग्यच आहे. ती रीत पास्त्याला लावली की घोटाळा होतो.

पडद्यावर दोन थाळ्या आहेत. एकाच पातेल्यातला पास्ता, एकच टोमॅटोचा सॉस, फक्त डावीकडचा पास्ता धुतलेला आहे. तिथे सॉस काड्यांवरून घसरून तळाशी उतरला आहे आणि थाळीच्या कडेला फिकट पाणी सुटले आहे. उजवीकडे प्रत्येक काडीला सॉसचा पातळ लेप आहे. सॉसला धरून ठेवणारा पिष्टाचा थर धुण्याने निघून जातो आणि गार झालेली काडी सॉसची चवही नीट घेत नाही. गार खायच्या पास्त्याच्या सॅलडसाठी मात्र शिजणे थांबवायला तो धुतला तर चालते.

शेवटचे काम कढईत आहे. टोमॅटोच्या सॉसमध्ये मुद्दामच मीठ कमी ठेवले आहे, कारण वाटीतले पाणी खारट आहे. आठव्या मिनिटाला काढलेली स्पगेटी त्यात पडली, वर एक पळी ते गढूळ पाणी पडले आणि आच वाढवली. दीड-दोन मिनिटे कढई हलवत राहिल्यावर तेल आणि पाणी वेगळे दिसेनासे होते. पिष्टाने दोन्ही एकत्र बांधले जातात आणि सॉस चकाकतो. उरलेली कणी इथेच, सॉस पीत पीत, मुरते. इटालियन स्वयंपाकघरात या शेवटच्या मिसळण्याला ‘मांतेकातूरा’ असे नाव आहे.

आच बंद झाली. बाईंनी एक काडी चावली, मान हलवली आणि चार थाळ्या वाढायला घेतल्या.