फॉल-पिको झाल्यावर साडी परत नाही

(नागपुरात फ्रीलान्स वेब डिझायनरांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. त्यातली पंधरा माइक लावण्यात गेली. त्यामुळे वेळ संपला तर दोष माझा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. विषय आहे कोटेशन. ठरलेल्या कामाला ठरलेली रक्कम आणि मंजुरीनंतरच्या बदलाला वेगळे पैसे. यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. दोन हात. छान, तुमची अजून लग्नं झालेली नसावीत.

इतवारीतल्या एका साडीच्या दुकानाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण ते काका अजून मला दिवाळीला फराळ पाठवतात. काम साधं होतं. पाच प्रकारची पानं: मुखपृष्ठ, साड्यांची यादी, एका साडीचं पान, आमच्याविषयी आणि संपर्क. सगळं इंग्रजीत, कारण तेव्हा काकांना बाहेरगावचं गिऱ्हाईक हवं होतं. माझा हिशेब ऐंशी तासांचा. सहाशे रुपये तासाने अठ्ठेचाळीस हजार. कोटेशन एका पानाचं, आणि त्यात शेवटी मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘आवश्यक ते बदल समाविष्ट.’ हे चार शब्द मला किती महागात पडले, ते पुढे येतं.

डिझाइन दाखवलं. काकांनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. मी कोडिंगला बसलो. बारा दिवसांनी फोन. “बाबू, सून म्हणते मराठीत पण पायजे. खेड्यापाड्यातलं गिऱ्हाईक येते आपल्याकडे.” मी म्हटलं, “काका, हे आधी बोलायचं ना!” “अरे, शब्द तं बदलवाचे आहेत! त्याले कितीक वेळ लागते?”

आता इथे थांबून बघू, कितीक वेळ लागतो. शब्द बदलणं हा त्यातला सर्वात छोटा भाग. इंग्रजी मेनूत एका ओळीत सहा शब्द नीट बसले होते. ‘होम’, ‘सारीज’, ‘अबाउट’ असे आखूड. मराठीत ‘साड्यांचे प्रकार’ आणि ‘आमच्याविषयी’ आलं की मेनू दुसऱ्या ओळीत पडतो आणि खालच्या फोटोवर चढतो. इंग्रजी अक्षरांसाठी ओळींमधलं अंतर मी घट्ट ठेवलं होतं. देवनागरीला वर रफार आणि खाली उकार. ‘सर्व’वरचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन धडकत होता. मग प्रत्येक पानाचे दोन पत्ते, भाषा बदलायचं बटण, आणि कोणतं पान कोणत्या पानाचा मराठी अवतार आहे हे गूगलला सांगणारी hreflang ही खूण. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर चुकला तर दिसणारी सूचना मराठीत. गिऱ्हाइकाला जाणारा ‘आपला निरोप मिळाला’ हा ईमेलही मराठीत. आणि भाषांतर कोण करणार? तर मी! मी आठवीला मराठीत नापास झालेला माणूस. त्या पानावर ‘पारंपरिक’ हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला होता.

बावीस तास गेले. दोन भाषा असणार हे पहिल्या दिवशी माहीत असतं, तर माझ्या अंदाजाने आठात झालं असतं. म्हणजे उरलेले चौदा तास मराठीचे नव्हते, उशिराचे होते. बांधलेली भिंत पाडून खिडकी ठेवायचे होते.

तिथे थांबलं असतं तर मी आज इथे उभा नसतो. पुण्याहून भाचा आला. तो म्हणाला, साड्या रंगावरून आणि किमतीवरून गाळता आल्या पाहिजेत. चौदा तास. मुखपृष्ठ जुनाट वाटतं, असंही तोच म्हणाला. नऊ तास. मग साडेतीनशे फोटो व्हॉट्सॲपवरून आले, आकाराने लहान आणि काठ धूसर. ते परत मागवणं, कापणं, नावं देणं, अकरा तास. बेरीज छप्पन्न. ऐंशीचे झाले एकशे छत्तीस आणि रक्कम तीच अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे तासाला साधारण तीनशे त्रेपन्न रुपये. शेवटच्या आठवड्यात मी रोज सकाळी तर्री-पोहे खाऊन त्या दुकानात जायचो. पोह्यांचे पैसे मीच द्यायचो, हेही नोंदवून ठेवा.

शेवटच्या दिवशी चेक घ्यायला गादीवर बसलो आणि काउंटरमागची पाटी पहिल्यांदा वाचली. ‘फॉल-पिको केलेली साडी परत घेतली जाणार नाही.’ मी म्हटलं, “काका, ही पाटी का?” काका म्हणाले, “अरे बाबू, गिऱ्हाईक पसंत करते, मी फॉल लावून देतो, मंग म्हणते रंग नाही आवडला. ते साडी मी कोणाले विकू?” मी चेक खिशात घातला आणि बराच वेळ काहीच बोललो नाही.

माझ्या कोटेशनला पाटीच नव्हती.

आयोजक चिठ्ठी दाखवताहेत. दहा मिनिटं. बरं, जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळत पळत.

काम मोजता येईल असं लिहा. ‘आकर्षक वेबसाइट’ मोजता येत नाही. पाच साचे, एकशे वीस साड्यांपर्यंत नोंद, एक भाषा, असं लिहा. फोटो आणि मजकूर कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, हेही. आणि काय नाही तेही लिहा: भाषांतर, फोटोग्राफी, ऑनलाइन पेमेंट, डोमेन आणि होस्टिंगचं पुढचं नूतनीकरण. जे नाही म्हणून लिहिलेलं नसतं, ते गिऱ्हाइकाच्या मनात ‘आहे’ असतं.

डिझाइनवर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या रकमेतच द्या. एक फेरी म्हणजे एकत्र केलेली एकच यादी. रोज रात्री अकराला येणारा एक व्हॉइस नोट म्हणजे फेरी नव्हे.

मंजुरी म्हणजे अंगठा नव्हे. मंजुरी देणारा माणूस एक, त्याचं नाव कोटेशनमध्ये. डिझाइनची पीडीएफ तारखेसह ईमेलने जाते आणि उत्तरात ‘मंजूर’ येतं. सून, भाचा, सगळ्यांनी त्याआधी बोलावं. ती पीडीएफ म्हणजे आपलं फॉल-पिको.

नंतर काही मागणी आली की पीडीएफ उघडा. साइट पीडीएफसारखी चालत नसेल तर ती आपली चूक, फुकट दुरुस्त करायची. मी लाइव्ह झाल्यापासून तीस दिवस देतो. साइट पीडीएफसारखीच आहे पण आता वेगळं हवंय, तर तो बदल. इथे प्रामाणिक राहा. स्वतःची चूक बदल म्हणून विकलीत, तर पुढची सगळी बिलं संशयाने वाचली जातात.

बदलाला चार ओळींचा ईमेल पुरतो. काय करायचं, किती तास, किती रुपये, आणि तारीख किती दिवस पुढे जाणार. ही चौथी ओळ सगळे विसरतात. काकांच्या मराठीसाठी तो असा गेला असता: बावीस तास, तेरा हजार दोनशे रुपये, सहा दिवस पुढे, भाषांतर तुमच्याकडून. ‘हो’ आल्याशिवाय हात लावायचा नाही. बदलाचे पैसे आधी घ्या. अंतिम हप्त्यात मिसळले की त्यावरच घासाघीस होते.

आणि चार तास रकमेत गुपचूप धरून ठेवा. फोन नंबर बदलला, फोटो उलटा लागला, याला बिल पाठवलं तर नागपुरात तुमचं नाव संध्याकाळपर्यंत सीताबर्डीला पोचतं.

हे सगळं कुठे चालत नाही? ज्याला काय हवं तेच माहीत नाही, त्याच्याकडे. त्याला ठरलेली रक्कम देऊच नका. आधी काय बनवायचं ते ठरवण्याचं काम वेगळं विका, नाहीतर महिन्याचे तास विका.

काकांच्या दुसऱ्या साइटचं कोटेशन मी असंच केलं. त्यांनी चष्मा लावून ‘मंजुरीनंतरचे बदल वेगळे’ ही ओळ दोनदा वाचली आणि पेन काढलं. मग म्हणाले, “थांब बाबू, भाच्याले फोन करतो. आत्ताच विचारून घेतो काय पायजे ते.”

आयोजक उभे राहिलेत. चहा बाहेर आहे.