सात दिवसांची मुदत: चोरीला गेलेली स्किन परत कधी मिळते?

[पडदा: स्टीमची इन्व्हेंटरी. कर्सर एका बंदुकीवर थांबतो.]

ही काउंटर-स्ट्राइक २ या खेळातली एके-४७, रेडलाइन स्किनची. स्किन म्हणजे बंदुकीवरची रंगसजावट, आणि ती राहते स्टीम या गेमच्या दुकानातल्या तुमच्या खात्यात. ती खऱ्या पैशांत विकत घेता येते, विकता येते, मित्राला देता येते. तिची झीज सांगणारा एक दशांश आकडा असतो, त्याला खेळाडू फ्लोट म्हणतात. स्किन कितीही हात बदलत गेली तरी हा आकडा तोच राहतो. त्यामुळे चोरीची स्किन आज कोणाच्या खात्यात आहे, हे पुष्कळदा शोधून काढता येतं.

तरीही तक्रार केली की स्टीम सपोर्टचं उत्तर ठरलेलं असतं. खात्यातून बाहेर गेलेली वस्तू आम्ही परत देत नाही. मग ती ट्रेडमध्ये गेलेली असो, मार्केटमध्ये विकलेली असो, नाहीतर डिलीट झालेली असो.

हे उत्तर ऐकून चीड येते, आणि ती रास्त आहे. पण त्यामागचं कारण कळायला हवं. त्यासाठी आधी चोरी कशी होते ते पाहू.

[पडदा: डिस्कॉर्डवरचा एक मेसेज.]

समजा, एका कॉलेजच्या मुलाला ओळखीच्या नावानं मेसेज येतो, "आमच्या टीमला एक व्होट दे ना." लिंक उघडली की स्टीमसारखंच लॉगिनचं पान दिसतं. तो युजरनेम टाकतो, पासवर्ड टाकतो, लॉगिनची दुसरी पडताळणी करणारा स्टीम गार्डचा कोडही टाकतो. पुढे काहीच होत नाही. पासवर्ड चालतोय, स्किन्स जागच्या जागी आहेत. मुलगा विसरून जातो.

चोर लगेच काही नेत नाही, कारण त्याला नेता येत नाही. ट्रेड पक्का करायला मालकाच्या फोनवर मंजुरी लागते आणि फोन मुलाच्या खिशात आहे. म्हणून चोर त्या खात्याच्या नावावर वेब एपीआय की काढून ठेवतो. ही की म्हणजे प्रोग्रामला खात्याचे ट्रेड पाहण्याची आणि रद्द करण्याची परवानगी. आता त्याचा बॉट नुसता वाट बघत बसतो.

काही दिवसांनी मुलगा रेडलाइन एका खऱ्या ओळखीच्या खेळाडूला पाठवायला निघतो. ऑफर तयार होते. त्याच क्षणी बॉट ती रद्द करतो आणि चोरलेल्या लॉगिनमधून तशीच दुसरी ऑफर उभी करतो. समोरच्याचं नाव तेच, फोटो तोच, स्किन तीच. खातं मात्र चोराचं. फोनवर मंजुरीची सूचना येते. मुलाला ती अपेक्षितच असते, तो बटण दाबतो.

[पडदा: फोनवरची मंजुरी. समोरच्या खात्याची तारीख मोठी होते.]

ही चोरी पकडण्याची जागा इथेच आहे. नाव आणि फोटो कोणीही चोरू शकतो. पण खातं स्टीमवर कधी उघडलं ती तारीख आणि खात्याची लेव्हल चोरता येत नाही. मित्राचं खातं आठ वर्षांचं आणि समोर दिसणारं गेल्या महिन्यातलं असेल, तर हात तिथेच थांबायला हवा. दुसरी खूण पाठवलेल्या ऑफर्सच्या यादीत सापडते. तुम्ही रद्द न केलेली ऑफर तिथे रद्द झालेली दिसते.

आता स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या नोंदीत काय राहिलं? मालकानं, मालकाच्याच फोनवरून, स्वतः मंजुरी दिली. नंतर पस्तावलेला विक्रेता आणि फसवला गेलेला मुलगा, दोघांची नोंद सारखीच दिसते.

एके काळी व्हॉल्व्ह परत देत असे. चोरीला गेलेल्या वस्तूची नवी प्रत करून मालकाला मिळायची. मूळ वस्तू मात्र बाजारात फिरतच राहायची, कारण ती तोवर एखाद्या निरपराध गिऱ्हाइकानं विकत घेतलेली असायची. त्याच्याकडून काढून घेणं म्हणजे दुसऱ्या माणसाला लुटणं. आणि प्रती वाढत गेल्या की दुर्मीळ वस्तू दुर्मीळ राहत नाही, सगळ्यांच्याच मालाची किंमत उतरते. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हनं स्वतःच सांगितलं होतं, की दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुटली जात आहेत आणि ट्रेडिंग सुरू झाल्यापासून खातेचोरी वीसपट वाढली आहे. त्याच सुमारास फोनवरची मंजुरी नसलेल्या खात्यांचे ट्रेड काही दिवस रोखून धरायला सुरुवात झाली.

म्हणजे खरा प्रश्न वस्तू सापडण्याचा नाहीच. ती तिसऱ्याच्या हातात जाण्याआधी अडवता येते का, एवढाच आहे.

[पडदा: ट्रेड हिस्टरी. वस्तूंवर संरक्षणाची खूण.]

त्याचं उत्तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जुलै २०२५ ला आलं. त्याला ट्रेड प्रोटेक्शन म्हणतात. ट्रेडमध्ये मिळालेली वस्तू सात दिवस संरक्षित राहते. नवा मालक ती खेळात वापरू शकतो, पण विकू शकत नाही, पुढे देऊ शकत नाही, तिच्यात बदलही करू शकत नाही. तिसरा माणूस मध्ये येतच नाही. म्हणून या सात दिवसांत ट्रेड उलटवला तर कोणा निरपराधाचं नुकसान होत नाही आणि नवी प्रतही काढावी लागत नाही. हा उपाय मला मनापासून पटतो.

आपल्या गोष्टीतल्या मुलाला चौथ्या दिवशी संशय आला, तर त्याची रेडलाइन वाचते. मात्र घाईघाईत ट्रेड उलटवू नये. आधी खातं मोकळं करायचं. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, मग नवा पासवर्ड. मग steamcommunity.com/dev/apikey हे पान उघडायचं. तुम्ही कधीच काढली नाही अशी की तिथे दिसली, तर ती रद्द करायची. हे केल्यावर ट्रेड हिस्टरीत जाऊन ट्रेड उलटवायचे.

इथे दोन अटी आहेत. एकच ट्रेड निवडून उलटवता येत नाही. त्या सात दिवसांतले सगळे संरक्षित ट्रेड एकदम मागे जातात, मित्राशी केलेले खरे व्यवहारसुद्धा. आणि त्यानंतर ३० दिवस खात्याचं ट्रेडिंग आणि मार्केट बंद राहतं. नाहीतर लोक बाहेर रोख पैसे घेऊन वस्तू मागे ओढतील. आठव्या दिवशी जाग आली तर मात्र तेच जुनं उत्तर मिळतं.

[पडदा: कन्सोल, टीव्हीवर लॉगिनचं पान.]

कन्सोलचं खातं पळवलं जातं तेव्हा दारं दोन असतात, आणि लोक चुकीचं दार ठोठावत बसतात. प्लेस्टेशनचं खातं सोनी परत मिळवून देते. मालकी पटवायला कन्सोलचा सिरीयल नंबर आणि जुन्या खरेदीच्या पावत्या कामी येतात, म्हणून खोका फेकण्याआधी नंबराचा फोटो काढून ठेवावा. पण खेळातली वस्तू खेळाच्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. तिची तक्रार त्या कंपनीकडेच करावी लागते आणि नियम प्रत्येकीचे वेगळे. रोब्लॉक्समध्ये खातं हॅक झाल्यावर ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं, तरच वस्तू परत मिळण्याचा विचार होतो. स्वतःहून केलेल्या ट्रेडमध्ये फसवणूक झाली असेल, तर तिथेही दार बंद असतं.

चोरानं कार्डावरून खरेदी केली असेल, तर बँकेत तक्रार करून पैसे परत ओढण्याआधी सोनीशी बोलून घ्या. पैसे असे परत गेले की खातंच बंद होऊ शकतं, आणि त्यातले विकत घेतलेले सगळे गेम त्याच्यासोबत अडकतात. बँक खात्यातून किंवा यूपीआयनं रक्कम गेली असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन त्याच तासात करायचा. ही तक्रार पैशांची असते. स्किनची तक्रार वेगळी, ती कंपनीकडे, ट्रेडची तारीख आणि समोरच्या खात्याच्या लिंकसकट.