चुकलेली हजेरी आणि पन्नास रुपये

(फैजपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

केळीची मृगबाग लावलेल्या माणसाला हरण्या रोग काय असतो हे मी सांगायला नको. पानावर पिवळे पट्टे, कडा वळलेल्या, आणि लहान वयात लागण झाली तर त्या झाडाला घड धरायचा नाही. औषध नाही. दर चार-पाच दिवसांनी सगळी बाग फिरायची, रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटून नष्ट करायचं आणि मावा आटोक्यात ठेवायचा, एवढंच हातात असतं. सगळ्यांना हे ठाऊक आहे, तरी ढगाळ दिवसात आठ-आठ दिवस फेरी होत नाही. कारण आज न फिरल्याचा तोटा आज दिसत नाही, तो महिन्याने दिसतो.

माझ्या मामेभावाची रावेर तालुक्यात बाग आहे. त्याच्यासाठी आम्ही एक साधी गोष्ट केली. जुलैपासून दर चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या फोनवर आठवण जायची. आठच्या आत त्याने बागेच्या शेवटच्या ओळीतल्या खुंटीचा फोटो पाठवायचा. फोटो आला नाही तर त्याच्या खात्यातून पन्नास रुपये गोशाळेला. शब्द त्याने स्वतः, स्वखुशीने दिला होता. नवसाच्या उलटं म्हणा हवं तर: नवस काम झाल्यावर फेडतात, इथे काम चुकल्यावर फेडायचं.

ही कल्पना माझी नाही. तेव्हा अमेरिकेत येल विद्यापीठात असलेले अर्थशास्त्रज्ञ डीन कार्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपिन्समध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना असा करार देऊ केला होता. माणसाने सहा महिने बँकेत स्वतःचे पैसे ठेवायचे, शेवटी लघवीची तपासणी, आणि त्यात निकोटीन सापडलं तर जमा रक्कम धर्मादाय कामाला. ज्यांना विचारलं त्यातल्या साधारण 11 टक्के लोकांनीच करार केला. पण ज्या गटाला देऊ केला तो गट, देऊ न केलेल्या गटापेक्षा, सिगारेट सोडण्यात तीन टक्के-अंकांनी पुढे होता, आणि वर्षभराने अचानक घेतलेल्या तपासणीतही फरक टिकून होता. म्हणजे उपाय खरा आहे, पण तो घेणारे थोडे. ज्याला मनापासून स्वतःचा हात बांधून घ्यायचा आहे, त्याच्याच उपयोगाचा.

आता आमच्या बागेतलं ऐका. पहिल्या सहा आठवड्यांत दहा हजेऱ्या होत्या, चार चुकल्या. मी आधी म्हणालो, भाऊ आळशी आहे. मग बसून एकेक तारीख तपासली. दोन वेळा तो फिरला होता. एकदा पावसात नेटवर्क नव्हतं, एकदा भुसावळला लग्नाला जायच्या आधी पहाटे फेरी मारली आणि फोन चार्जिंगला विसरला. बाग फिरली, हजेरी मात्र चुकली, आणि पन्नास रुपये गेले. हे दोन्ही दंड त्याला सगळ्यात जास्त झोंबले, आणि तेच बरोबर होतं. खोटा दंड दोन-तीनदा बसला की माणूस नियमालाच खोटं ठरवतो, आणि मग खरा दंडही मनाला लागत नाही.

उरलेल्या दोन वेळा तो खरोखर गेला नव्हता. त्यातल्या एका दिवसाबद्दल त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मले वाटलं, पाऊस हाये, पन्नास रुपये देले की झालं. गाईले तर गेले ना!" या वाक्यावर मी फार विचार केला. पन्नास रुपये त्याच्यासाठी शिक्षा उरलेच नव्हते, ते सुट्टीचा भाव झाले होते, आणि वर पुण्य. इस्राएलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत हेच घडलं होतं. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी 2000 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी सहा पाळणाघरांत मुलाला उशिरा नेणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला, तर उशीर जवळपास दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंपुढे लाज वाटायची. आता त्यांनी उशिराची किंमत मोजलेली होती. पुढे दंड काढून घेतला तरी उशीर कमी झाला नाही. छोट्या रकमेचा हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

तिसरा दोष उशिरा कळला. भाऊ दर फेरीला उपटलेल्या झाडांची संख्या वहीत लिहायचा. आकडे असे होते: एक, शून्य, दोन, शून्य, आणि मग एकदम नऊ. त्या नऊंपैकी बऱ्याच झाडांवरचे पट्टे जुने होते, चार दिवसांतले नव्हते. म्हणजे आधीच्या शून्याच्या दिवशी तो बागेत फिरला नव्हता. बांधावरून खुंटीपर्यंत जाऊन फोटो काढून आला होता. त्याने कबूलही केलं. यात त्याचा दोष थोडा, आमचा जास्त: आम्ही फेरीवर नव्हे, फोटोवर पैसे लावले होते, त्यामुळे त्याने फोटो पूर्ण केला.

ऑगस्टच्या मध्याला सगळं बदललं. आता चार कोपऱ्यांवर आणि मध्ये अशा नऊ खुंट्या आहेत. गावातले निवृत्त गुरुजी सकाळी त्यातल्या तीन खुंट्यांचे आकडे कळवतात. कोणत्या येतील हे आधी माहीत नसतं, म्हणून बाग फिरावीच लागते. फोटोची मुदत रात्री नऊपर्यंत, सकाळी नेटवर्क नसलं तरी अडत नाही. चुकलं तर पैसे लगेच हलत नाहीत. चोवीस तासांत गुरुजींना कारण दाखवता येतं. रक्कम पन्नास, मग शंभर, मग दोनशे, आणि पाचशेला थांबते. आणि गोशाळा सोडून शाळेच्या वाचनालयाला, पण देणाऱ्याचं नाव न लिहिता. पावती नाही, कौतुक नाही. हे शेवटचं वहिनींनी सुचवलं, आणि मला ते सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

पैशांची व्यवस्थाही तपासून घ्यावी लागली. यूपीआयवर आपोआप कापून घेण्याची सोय आहे, पण नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते आणि मान्यता केव्हाही रद्द करता येते. चांगला नियम आहे, ग्राहकाच्या बाजूचा. पण ज्या रात्री माणूस चुकलेला असतो, त्याच रात्री त्याला सुटायची दारं दिसतात. म्हणून एक हजार रुपये आधीच गुरुजींकडे ठेवले. बीमाइंडर नावाची, ध्येय चुकलं की पैसे कापणारी एक सेवा आहे, तिथे आपल्या ध्येयात सूट घेतली तर ती सात दिवसांनी लागू होते. आम्ही तो नियम जसाच्या तसा घेतला: सोमवारी चौथ्या दिवसाचा सहावा दिवस करावासा वाटला, तर पुढच्या सोमवारपासून. आजच्या कंटाळ्याला आजच सवलत मिळत नाही.

पुढच्या सहा आठवड्यांत अकरा हजेऱ्या झाल्या. एक चुकली, तीही खरी, आणि पन्नास रुपये गेले. वहीत आकडे होते: दोन, एक, शून्य, एक, असेच, एकाही दिवशी उडी नाही. झाडं किती वाचली हे मी सांगणार नाही, कारण पाऊसही त्या काळात उघडला होता आणि एका बागेवरून ते ठरत नाही. पण उडी नसणं म्हणजे फेऱ्या खऱ्या झाल्या, एवढं वही सांगते.

आता केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू आहे. भावाने नवी हजेरी मांडली आहे, आणि रक्कम पन्नासऐवजी शंभरपासून सुरू करा असं त्यानेच गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "सात दिवस थांब. मंगच."