फोटोतली काळी वर्तुळं : सावली, रंग की फुगवटा?

मंडळी, आज पडद्यावर एकच चेहरा ठेवला आहे. तिशीतली बाई आहे, फोटो लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेला. घर कोथरूडच्या फ्लॅटमधलं, हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवलेला आणि त्याच भिंतीवर छताला लागून ट्यूबलाइट. तिला सोफ्यावर बसवून फोटो काढला, म्हणजे उजेड थेट डोक्यावरून उतरतोय. डोळ्यांखाली दोन काळ्या चंद्रकोरी दिसतात. घरच्यांचं निदान तयार: "झोप होत नाही हिची."

आता या चंद्रकोरींत नेमकं काय काय आहे, ते एकेक वेगळं करू. काळेपणा तीन गोष्टींनी येतो. खळग्यात पडलेली सावली, त्वचेतला रंग आणि फुगवटा. गंमत अशी की फुगवटा स्वतः काळा नसतोच. तो आपल्या खाली सावली पाडतो, म्हणून काळा वाटतो.

खळगा कुठे असतो? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून, नाकाच्या बाजूने गालाकडे तिरका उतरतो. डॉक्टर त्याला टिअर ट्रफ म्हणतात. पंचविशीतही काहींना असतो, हाडाच्या ठेवणीमुळे. त्याच्या वर चरबीची छोटी उशी पुढे आलेली असेल तर खळगा आणखी खोल भासतो. वरून उजेड पडला की उशीचा माथा चमकतो आणि तिच्या पायथ्याशी गडद रेघ उमटते. वरचा भाग उजळ आणि लगेच खाली काळी कड, अशी जोडी दिसली की समजा, तिथे उंचसखल आहे. नुसत्या रंगाचा डाग अशी जोडी दाखवत नाही.

म्हणून त्याच बाईला खिडकीसमोर बसवलं. खिडकीपासून अंदाजे एक मीटर, तोंड खिडकीकडे, घरातले सगळे दिवे बंद. थेट ऊन नको, नुसता आकाशाचा उजेड हवा. खिडकी निदान डोक्यापासून छातीपर्यंत उघडी हवी. फक्त वरची झडप उघडी असेल तर पुन्हा ट्यूबलाइटचाच प्रकार होतो. मोबाइलचा मागचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून, थोडं मागे सरकून दोनपट झूम. फोटो काढणारा खिडकीच्या बरोबर समोर उभा राहिला तर उजेड अडतो, म्हणून खिडकीच्या कडेला उभं राहायचं. ब्युटी मोड बंद. स्क्रीनवर दिसणाऱ्या गालावर बोट दाबून ठेवून एक्सपोजर लॉक करायचं, नाहीतर फोन दर फोटोला चेहरा स्वतःच्या मर्जीने उजळवतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

हा पाहा दुसरा फोटो. चंद्रकोरीची खालची धारदार कड जवळजवळ गेली. तिसऱ्या फोटोत मांडीवर पांढरी कार्डशीट ठेवली आहे, अप्पा बळवंत चौकात मिळते तीच, किंचित चेहऱ्याकडे तिरकी. खालून उजेड परत आला आणि उरलेली सावलीही भरून निघाली. आता काय राहिलं? आतल्या कोपऱ्याजवळ तपकिरी छटा, आणि नीट बघा, तीच छटा वरच्या पापणीवरही आहे. तिथे खळगा नाही, तरी रंग आहे. हा त्वचेतला मेलॅनिन. आपल्याकडे हे फार सर्रास दिसतं. घराण्यातून येतं, आणि ॲलर्जीच्या खाजेमुळे डोळे चोळचोळून गडदही होतं.

चौथा फोटो बाजूच्या उजेडाचा. त्याच जागी बसून फक्त तोंड वळवलं, खिडकी डाव्या कानाशी आली. डावा डोळा बरा दिसतो, उजव्याखाली पुन्हा खोल सावली. रंगाचा डाग उजेडाची बाजू बदलली म्हणून एका डोळ्याखालून उठून दुसऱ्याखाली जात नाही. जो काळेपणा दिव्याबरोबर हलतो, तो सावलीचा.

कॅमेऱ्याशिवाय करायची एक परीक्षाही आहे. स्वच्छ बोटाने डोळ्याखालची त्वचा हलकेच गालाकडे ओढा. तपकिरी रंग त्वचेबरोबर सरकतो, पण विरत नाही. सावली खळग्याच्या जागीच राहते किंवा कमी होते. तिसरी शक्यता अशी की ओढल्यावर निळसर-जांभळी छटा उलट गडद झाली. पापणीची त्वचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची असते. ती ताणली की आणखी पातळ होते आणि खालचे स्नायू, नसा तिच्यातून जास्त दिसतात. या प्रकाराला कार्डशीट लावा नाहीतर काहीही करा, खिडकीच्या उजेडात तो दिसणारच.

फुगवट्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पाण्याचा फुगवटा सकाळी उठल्या उठल्या जास्त असतो, दुपारपर्यंत उतरतो; रात्री खारट जेवण झालं की दुसऱ्या दिवशी हमखास. चरबीची उशी दिवसभर तेवढीच राहते, आणि मान न हलवता डोळे वर केले की अधिक पुढे येते. म्हणून एकाच खिडकीत सकाळी सात आणि दुपारी चारचे फोटो शेजारी ठेवून पाहा. फक्त दुपारच्या उजेडाची दिशा बदललेली असते, ती लक्षात घ्या, नाहीतर उजेडातला फरक तुम्ही सुजेच्या नावावर लिहाल. एकाच डोळ्याखाली अचानक सूज आली, किंवा डोळ्यांबरोबर पायही सुजले, तर कॅमेरा ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

आता रंगाची फसवणूक. आकाशाच्या निळ्या उजेडात काढलेल्या फोटोत सावल्या निळसर पडतात आणि खळग्याची सावली नसांसारखी दिसते. समोरच्या इमारतीची भिंत पिवळी असेल तर तोच भाग तपकिरी वाटतो, आणि बिचाऱ्या त्वचेवर आळ येतो. म्हणून कार्डशीटचा एक तुकडा गालाजवळ धरून एक फोटो काढा. कागद पांढरा दिसत नसेल तर चेहऱ्याच्या रंगावरही विश्वास ठेवू नका.

फोनचा फ्लॅश? लेन्सच्या शेजारूनच उजेड येत असल्याने सावल्या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, त्यामुळे खळगा गायब होतो. लोक खूश होतात, पण त्वचा चमकते आणि हलका तपकिरी रंगही धुऊन जातो. फ्लॅशचा फोटो पुरावा म्हणून ठेवू नका. नाइट मोडही सावल्या आपोआप उजळवतो, तोही बंदच बरा.

उलट टोक म्हणजे भर दुपार. मेच्या मध्यावर साडेबाराच्या सुमारास पुण्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा संभाजी बागेत उघड्यावर कोणालाही उभं करा, भुवईच्या हाडाची सावली डोळ्याच्या खोबणीत पडणारच. झाडाखाली न्या, तर वरून पानांचा हिरवट रंग मिसळतो. इमारतीच्या सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या बाजूला करून उभं करणं जास्त सोयीचं.

आपल्या बायोडेटाच्या फोटोकडे परत येऊ. त्या चंद्रकोरीतली काळी कड खिडकीसमोर गेली, तळातली सावली कार्डशीटने गेली, आणि तपकिरी छटा राहिली. पापणी ओढल्यावर जांभळं काही गडद झालं नाही, डोळे वर केल्यावर चरबीची छोटी उशी मात्र पुढे आली. म्हणजे मूळ फोटोतला बहुतेक काळेपणा ट्यूबलाइट आणि उशीने मिळून केलेला. मेकअपवाल्या ताईंनी मात्र पहिल्याच फोटोवरून पूर्ण चंद्रकोरीला उजळ कन्सीलर फासला होता. उशीच्या माथ्यावर उजळ रंग बसल्याने तो आणखी पुढे आला आणि खालची रेघ पूर्वीपेक्षा ठळक झाली. कन्सीलर लावायचाच तर फक्त खालच्या रेघेत, बारीक ब्रशने, आणि आतल्या कोपऱ्यातल्या तपकिरी भागावर त्याआधी पीच रंगाचा अगदी पातळ हात. उशीवर काही लावू नका.