पालेभाजीतलं लोह, लिंबू आणि चहा

श्रोतेहो, नमस्कार.

लाल माठ शिजायला ठेवला की थोड्याच वेळात पातेल्यातलं पाणी लालभडक होतं. ते पाहिलं की मनात आपोआप रक्त येतं, आणि ‘ही भाजी रक्त वाढवते’ हे पटायला मग वेगळा पुरावा लागत नाही. पण त्या रंगाचा लोहाशी काहीही संबंध नाही. तो पानातल्या एका रंगद्रव्याचा रंग आहे, बीटाला लाल करणाऱ्या रंगद्रव्याच्याच कुळातला. लोह हिरव्या माठातही असतं आणि पालकातही असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा आज रंग बाजूला ठेवू आणि पानातलं लोह शरीरात किती पोचतं, ते बघू.

आधी पानात किती असतं ते सांगतो. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण २.७ ते ३ मिलिग्रॅम लोह असतं. माठाचा आकडा जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बराच हलतो. कुठे सव्वादोन मिलिग्रॅम, तर कुठे सात. एखाद्या तक्त्यात याहून फारच मोठा आकडा दिसला, तर जरा सावध राहावं. पानाला चिकटलेल्या मातीतही लोह असतं. पान नीट धुतलेलं नसेल तर प्रयोगशाळा तेही मोजते, पण त्यातलं आपल्या आतड्याला फारसं मिळत नाही.

तीन मिलिग्रॅम म्हणजे तसं थोडं नाही. प्रौढ पुरुषाच्या शरीराला रोज जेमतेम एक मिलिग्रॅम लोह आत यायला हवं असतं. पाळी येणाऱ्या स्त्रीला दीडच्या आसपास किंवा थोडं जास्त. मग शंभर ग्रॅम पालक खाल्ला की काम झालं, असं वाटेल. तसं होत नाही, कारण पानातल्या लोहापैकी शंभरातले दोन ते पाच भागच रक्तात जातात, काही वेळा त्याहूनही कमी. बाकीचं आतड्यातून तसंच पुढे निघून जातं.

असं का होतं? वनस्पतींमधलं लोह बहुतांशी अशा रूपात असतं, ज्याला रसायनशास्त्रात फेरिक म्हणतात. जठरातल्या आम्लात ते विरघळतं. तिथवर सगळं ठीक चालतं. अन्न पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गेलं की तिथे आम्लाचा जोर संपतो, आणि नेमकं हेच लोह शोषलं जाण्याचं मुख्य ठिकाण. आम्ल ओसरल्यावर फेरिक लोह एकतर न विरघळणाऱ्या साक्यासारखं खाली बसतं, किंवा अन्नातला दुसरा एखादा पदार्थ त्याला धरून ठेवतो. शिवाय आतड्याच्या पेशीत शिरायचं तर त्याला फेरस या दुसऱ्या रूपात यावं लागतं. पेशीच्या दारावरचं प्रथिन फेरसच आत घेतं.

पालकाच्या बाबतीत वर्षानुवर्षं ऑक्झॅलेटला दोषी धरलं गेलं. पालकात आणि माठात ऑक्झॅलेट भरपूर असतं, यात शंका नाही. कॅल्शियमला ते अडवतं, हेही खरं. लोहाची गोष्ट मात्र वेगळी निघाली. केल नावाच्या, कोबीच्या कुळातल्या, कमी ऑक्झॅलेटच्या भाजीत संशोधकांनी मुद्दाम वरून ऑक्झॅलेट घातलं आणि ती माणसांना खायला देऊन शोषण मोजलं. लोहाचं शोषण कमी झालं नाही. पालकातलं लोह कमी मिळण्यामागे त्यातलं कॅल्शियम आणि पॉलिफेनॉल ही संयुगं असावीत, असा अंदाज त्यानंतर बांधला गेला. पॉलिफेनॉल हे नाव लक्षात असू द्या. चहाचं सगळं प्रकरण त्यांचंच आहे.

आता लिंबू. त्यातलं क जीवनसत्त्व दोन कामं करतं. एक म्हणजे ते फेरिक लोहाला फेरस करतं. दुसरं म्हणजे लोहाला असं सैल धरून ठेवतं की आम्ल ओसरल्यावरही ते विरघळलेलंच राहतं. पण लोह आणि क जीवनसत्त्व आतड्यात एकाच वेळी असायला हवीत. म्हणून लिंबू त्याच जेवणात हवं. सकाळच्या लिंबूपाण्याचा दुपारच्या भाजीला उपयोग होत नाही.

किती लिंबू, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व ३५ ते ४० मिलिग्रॅमच असतं. वरून पिळलेली फोड म्हणजे दोन चमचे रस, फार तर १० ग्रॅम. त्यातून चार मिलिग्रॅमही जेमतेम मिळतात. एका गाजलेल्या प्रयोगात जेवणासोबत २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिल्यावर शोषण दीडपटीहून थोडं जास्त झालं होतं. म्हणजे एका फोडीने थोडा फरक पडतो, जादू होत नाही. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचीही थोडी मदत होते, तेही लोहाला विरघळलेलं ठेवतं. पण मोठा भाग हवा असेल तर अख्खं लिंबू पिळावं लागेल.

गंमत अशी की १०० ग्रॅम कच्च्या पालकात स्वतःचंच क जीवनसत्त्व २८ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि माठात त्याहूनही जास्त. एका फोडीच्या सातपट! आपण ते घालवतो कसं, तर पानं चिरून तासभर ठेवतो, मग भरपूर पाण्यात उकळतो आणि ते पाणी ओतून देतो. उकळून पाणी काढलेल्या पालकात दहाच्या आसपास उरतात. पानं आधी धुऊन, आयत्या वेळी चिरून, स्वतःच्या पाण्यात झाकून थोडक्यात शिजवली, तर लिंबाचं अर्धं काम पानच करतं. लोह मात्र उष्णतेने नष्ट होत नाही, त्याची काळजी नको. लिंबू पिळायचं ते भाजी विस्तवावरून उतरवल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. मूतखड्याच्या त्रासामुळे ज्यांना ऑक्झॅलेट टाळायला सांगितलंय, त्यांनी मात्र उकळून पाणी ओतणंच बरं, कारण बरंच ऑक्झॅलेट त्या पाण्याबरोबर जातं.

आता चहा. चहातले टॅनिन म्हणजे पॉलिफेनॉलच. लोहाशी त्यांची गाठ पडली की काळपट, न विरघळणारं संयुग तयार होतं. जुन्या काळी लिहायची काळी शाई झाडांवरच्या टॅनिनयुक्त गाठी आणि लोहाचे क्षार एकत्र करून बनवत. जेवणासोबत चहा घेतला की हीच रसायनक्रिया आतड्यात घडते, आणि त्या संयुगातलं लोह आतड्याला घेता येत नाही.

परिणाम किती, हे चहाच्या कडकपणावर आणि अन्नावर ठरतं. कोऱ्या काळ्या चहाच्या एका अभ्यासात पावाच्या जेवणातलं लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घट बरीच कमी, म्हणजे साधारण एक तृतीयांश होती. त्याच अभ्यासात चहा जेवणानंतर एका तासाने दिला, तेव्हा घट दिसलीच नाही. कॉफीवरच्या एका जुन्या अभ्यासात मात्र जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने, जेवणासोबत घेतल्याइतकंच शोषण अडवलं होतं, आणि जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काहीच बिघडलं नव्हतं. म्हणून जेवणानंतर एकऐवजी दीड-दोन तास थांबावं, असं मी सांगेन.

दूध घातलं की टॅनिन दबतं, असा एक समज आहे. मोजून पाहिलं तेव्हा दुधाने काही विशेष फरक पडला नाही. चहात लिंबाची चकती टाकूनही भागत नाही. कपभर चहात पॉलिफेनॉल शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असू शकतात, आणि त्यांच्यापुढे चकतीतलं दोन-चार मिलिग्रॅम क जीवनसत्त्व टिकत नाही.

एक हिशोब मांडू. आकडे नुसते मांडणीसाठी धरलेले आहेत. समजा, शरीरातला लोहाचा साठा कमी असलेली एक स्त्री आहे. तिच्या जेवणात १०० ग्रॅम पालक आणि सोबत धान्य-डाळ, मिळून सहा मिलिग्रॅम लोह. हे सगळं वनस्पतीजन्य लोह पोटात एकत्र मिसळतं, त्यामुळे लिंबू किंवा चहा फक्त पालकावर नाही, सगळ्या ताटावर परिणाम करतो. पाच टक्के शोषण धरलं तर ०.३ मिलिग्रॅम आत जाईल. जेवतानाच कडक चहा घेतला आणि त्याने ६० टक्के अडवलं, तर ०.१२ उरेल. चहा दोन तासांनी घेतला, पालक बेताने शिजवला आणि वर अख्खं लिंबू पिळलं, तर ०.५ पर्यंत जाईल. पानं तीच, ताट तेच, फरक चौपट. आणि पटीत पाहिलं तर त्यातला मोठा वाटा लिंबाचा नाही, जागेवरून हलवलेल्या चहाचा आहे.

पण हा हिशोब पुढे नेऊन पाहा. रोज ०.३८ मिलिग्रॅम जादा म्हणजे महिन्याला साधारण ११. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. साडेतीन लिटर रक्त असलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे एका ग्रॅमने वाढवायचं, तर सुमारे १२० मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे रोज न चुकता हे जेवण घेतलं तरी दहा-अकरा महिने. खरं तर त्याहूनही जास्त, कारण नेहमीच्या मिश्र आहारात क जीवनसत्त्वाचा परिणाम एकेका जेवणावरच्या प्रयोगांपेक्षा सौम्य दिसतो. म्हणून पाळी येणाऱ्या, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, किंवा फेरिटिन, म्हणजे साठ्यातल्या लोहाची खूण, १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल, तर लिंबू-पालकावर विसंबून राहू नये. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, आणि रक्त कुठून जातंय का तेही शोधतील. ती गोळी चहाबरोबर घेतली तर तिचाही काही भाग असाच वाया जातो. ती पाण्याबरोबर घ्यावी.

आणि काहींना याच्या अगदी उलट सांगावं लागतं. हिमोक्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक विकारात शरीर गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं आणि ते यकृतात साचत जातं. अशा रुग्णांना क जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळायला सांगतात, आणि जेवणासोबतचा काळा चहा त्यांच्या बाबतीत लोह थोडं कमी शोषलं जाण्यासाठी उपयोगी पडू शकतो. नमस्कार.