मसुद्यातली मोघम ओळ खोडण्याआधी

(नागपुरात टीम लीड मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच मेलबद्दल बोलणार आहे. आमच्या टीममधल्या एका मुलीने लिहिलेला आणि मी बिघडवलेला मेल.

आम्ही बुटीबोरीला इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवतो. ही मुलगी वर्ध्याहून रोज अप-डाउन करायची, कामावर लागून तिला चार महिने झाले होते. नाशिकच्या एका ग्राहकाची 14 पॅनेलची ऑर्डर होती, माल 18 तारखेला निघायचा होता. 14 तारखेला कळलं की 11 पॅनेल तयार आहेत, पण 3 पॅनेलचे रिले अजून आलेलेच नाहीत. ग्राहकाला कळवायचं काम तिच्याकडे होतं. मूळ मेल इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो. विषय होता, ‘पॅनेलबाबत अपडेट’. आणि मजकूर असा:

‘नमस्कार सर, आपण कुशल असाल अशी आशा आहे. काही अपरिहार्य कारणांमुळे मालाच्या रवानगीस थोडा विलंब होण्याची शक्यता आहे. आमची टीम पूर्ण प्रयत्न करत आहे. उर्वरित पॅनेल साधारण 25 तारखेपर्यंत पाठवण्याचा प्रयत्न राहील. कृपया सहकार्य करावे आणि पुढे काय करायचे ते कळवावे.’

तुमच्यापैकी अनेकांचा हात आत्ताच शिवशिवला असेल. माझाही शिवशिवला. ट्रॅक चेंजेस सुरू केलं आणि दहा मिनिटांत जवळजवळ प्रत्येक वाक्य लाल करून टाकलं. ‘पाठवण्याचा प्रयत्न राहील’ हे मला फारच मिळमिळीत वाटलं, म्हणून तिथे लिहिलं, ‘उरलेली 3 पॅनेल 25 तारखेला निघतील.’ तिने सगळे बदल एका क्लिकमध्ये स्वीकारले आणि मेल पाठवला.

25 तारखेला पॅनेल निघाली नाहीत. नाशिकच्या साहेबांनी आमच्या शब्दावर 27 तारखेला वायरिंगची माणसं बोलावून ठेवली होती. त्यांचा फोन मला आला, आणि तो योग्यच माणसाला आला. मी तिला विचारलं, रिलेचं काय झालं? ती म्हणाली, ‘रिलेवाल्याने 25 ची तारीख पक्की दिलीच नव्हती, सर.’ मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, ‘तुम्ही लिहिलं म्हणजे तुमचं बोलणं झालं असेल असं वाटलं.’

मी तेव्हा शिकलो ती गोष्ट ही. तिचं ते मिळमिळीत वाक्य खरं होतं. त्यात तिला माहीत असलेली एक गोष्ट दडली होती, फक्त ती उघडपणे लिहायचा धीर तिला झाला नव्हता. मी भाषा सुधारली आणि माहिती पुसून टाकली. नवीन पोरं मोघम लिहितात तेव्हा बहुतेक वेळा मागे दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर त्यांना ती बाब नीट माहीत नसते, नाही तर माहीत असते पण लिहायची भीती वाटते. दोन्ही वेळा इलाज भाषेत नसतो, म्हणून खोडायच्या आधी विचारायचं.

दोन महिन्यांनी तसाच प्रसंग आला. 8 पॅनेलची ऑर्डर, 6 तयार, 2 मीटरसाठी अडकलेली. या वेळी मी मसुदा शेवटपर्यंत वाचला, एकही अक्षर बदललं नाही. तिला शेजारी बसवून विचारलं, ‘हा मेल वाचून समोरच्याने नेमकं काय करायचं?’ ती लगेच म्हणाली, ‘6 आत्ता घ्यायची की 8 एकदम, ते उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचं, म्हणजे मला गाडी बुक करता येईल.’ मी म्हटलं, ‘मग हेच लिही, पहिल्या ओळीत.’ मसुद्यात हा प्रश्न शेवटून दुसऱ्या ओळीत होता, आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ हे तर कुठेच नव्हतं. तोंडी विचारलं तेव्हा मात्र एका दमात सांगितलं. अशा वेळी तिचंच बोललेलं वाक्य मी कागदावर उतरवून तिच्यासमोर ठेवतो. ते तिचं असतं, त्यामुळे पुढच्या वेळी ते तिला आठवतं.

दुसरा प्रश्न मी ‘लवकरच’ या शब्दावर विचारला. ‘मीटर कधी येणार हे कोणी सांगितलं, आणि कितपत पक्कं?’ उत्तर मिळालं की पुरवठादाराने 9 तारीख दिली आहे, पण माल अजून निघालेला नाही. मग वाक्य असं झालं: ‘पुरवठादाराने 9 तारीख दिली आहे, माल निघाल्यावर मी तुम्हाला पक्कं कळवते.’ ग्राहकाला याहून जास्त काही नको असतं. काय पक्कं आहे आणि काय नाही हे कळलं की तो आपली माणसं त्या हिशोबाने लावतो.

तिसरी सूचना विषयाच्या ओळीवर होती. तिथे ऑर्डर नंबर आणि ‘तुमचा निर्णय हवा’ एवढं घालायला सांगितलं, कारण हा मेल साहेब मोबाईलवर, साइटवर उभ्याने वाचणार. बस, तीनच सूचना, प्रत्येकीमागे कारण.

‘आपण कुशल असाल’ मी तसंच राहू दिलं. मला ते आवडत नाही, पण ती माझी आवड झाली. तारीख, नग, रक्कम, आपण दिलेला शब्द आणि मेल कोणाकोणाला जातोय, यात चूक असेल तर सोडायची नाही. बाकी शैली तिची. आपल्या आवडीच्या दुरुस्त्या आणि खऱ्या चुका एकाच लाल रंगात दिसल्या, तर नवीन माणसाला कळतच नाही की यातलं गंभीर काय.

कौतुकाबद्दलही सांगतो. ‘छान आहे, पण...’ म्हटलं की ऐकणाऱ्याला फक्त ‘पण’च्या पुढचं ऐकू येतं. त्या मेलला तिने 6 पॅनेलची सीरियल नंबरसह यादी जोडली होती. मी तिला म्हटलं, ‘या यादीमुळे त्यांच्या स्टोअरवाल्याचा फोन येणार नाही.’ तेव्हापासून प्रत्येक मेलला यादी जोडलेली असते.

एक आपल्या नागपूरच्या बोलण्याबद्दल. ‘काय लिहिलं बापा हे!’ असं आपण सहज म्हणतो, त्यात आपुलकी असते. समोरासमोर ती चेहऱ्यावर दिसते. तेच कॉमेंटमध्ये लिहिलं, किंवा टीमच्या ग्रुपवर टाकलं, तर फक्त टोचणं उरतं. मसुद्यावरचं बोलणं मी दोघांतच ठेवतो.

कधी वेळच नसतो. साडेपाच वाजलेत, गाडी दारात उभी आहे. तेव्हा मी सरळ सांगतो, ‘आज मी लिहितो, उद्या सकाळी दोन्ही शेजारी ठेवून पाहू.’ सकाळी मात्र आठवणीने बसायचं, आणि दोन्हींतला एकच फरक बोलायचा.

आपलं चुकतंय हे कळायला खुणा आहेत. मसुदे अगदी शेवटच्या क्षणी यायला लागतात, म्हणजे तुम्हाला खोडायला वेळच मिळू नये. दोन ओळींच्या मेललाही ‘पाठवू ना, सर?’ विचारलं जातं. किंवा मसुदा न येता नुसता निरोप येतो, ‘तुम्हीच लिहा.’ पहिल्या मेलनंतर महिनाभर मला हेच निरोप येत होते, आणि मला वाटत होतं मुलगी आळशी आहे.

आता तिने आणि मी एक ठरवलं आहे. तारीख किंवा किंमत बदलणारा मेल असेल तरच तो पाठवण्याआधी मला दिसतो. बाकीचे थेट जातात. गेल्या आठवड्यात तिने असा एक मसुदा पाठवला, त्यात वरच तिची ओळ होती: ‘सर, चौथ्या वाक्यातली तारीख मला अजून पक्की वाटत नाही, पुरवठादाराला अकराला परत फोन करते.’ मी काही खोडलं नाही, अकरा वाजायची वाट पाहिली.